वरचा काटा

अहवाल मी शेवटून वाचतो. ही खोड मला दादांनी लावली. त्यांचं म्हणणं, पुढची पानं वरपक्षाची, त्यात सगळं गोडच असणार. खरं काय ते मागच्या पानांवर, जिथे कुणी जात नाही. तेव्हा मी नुकता डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आलो होतो आणि आम्ही पेणेत सरकत्या खिडक्या बसवत फिरायचो. खिडकीच्या कोटेशनपलीकडे वाचायला काही नसायचंच. तरी खोड लागली ती लागली.

पुढे मी काचेच्या भिंती तपासणाऱ्या एका सल्लागाराकडे नोकरीला लागलो. कर्टन वॉल म्हणतात ती ही भिंत. इमारतीचं वजन ती घेत नाही, नुसती अंगरख्यासारखी बाहेरून टांगलेली असते. लोकांना ती छान दिसते. मला ती दिसली की पाणी कुठून येईल तेच आधी डोळ्यांसमोर येतं. बायको म्हणते, तुम्हाला कुठे पाहुणा म्हणून न्यायची सोय नाही. खरं आहे ते. एकदा एका साखरपुड्यात मी हॉलच्या काचेचं रबर बोटाने दाबून बघत होतो आणि मुलीच्या काकांना वाटलं, मी कुणाची तरी चेष्टा करतोय.

दादांचा आणि माझा धंदा असा एका रेषेत राहिला. ते धरमतर खाडीकडचे, मिठागरात काम करणाऱ्या घरातले. पुस्तकी शिक्षण बेताचं, पण हाताला जात्याच अंदाज. नात्याने माझे कुणी नाहीत, पण माझ्या लग्नात मांडवात उभे राहिले ते सख्ख्या भावासारखे. वहिनी मला भावजी म्हणतात आणि दर उन्हाळ्यात वालाच्या बिरड्याला बोलावतात. मी गेलो नाही तर डबा येतो.

पन्नाशी उलटल्यावर दादांनी एकदम मोठी उडी घेतली. रोह्याला कारखान्यांच्या वस्तीत एक शेड घेतली, कटिंगचं मोठं मशीन आणलं, पोरं ठेवली आणि रोह्याजवळच्या एका नव्या इस्पितळाच्या काचेच्या भिंतीचं काम मिळवलं. आजवर खिडक्या केलेल्या माणसाने भिंत मागायची म्हणजे लोक हसणारच. मुख्य ठेकेदार हसलाच, पण दादांचा भाव आणि खात्री बघून हो म्हणाला. अट एकच. आधी नमुन्याची चाचणी पास व्हायला हवी, आणि तिचा अहवाल सल्लागाराने मंजूर करायला हवा.

सल्लागार म्हणजे आमचं ऑफिस. अहवाल वाचणारा म्हणजे मी.

हे मी साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं. माणूस घरातला आहे, माझ्याकडे फाइल देऊ नका. साहेब म्हणाले, "चाचणीला मी दुसऱ्याला पाठवतो. पण अहवाल तूच वाचायचा. वाऱ्याच्या दाबाची कोकणातली कामं दुसऱ्या कुणाला नीट जमत नाहीत. तू फक्त कागद वाच, माणूस वाचू नकोस." साहेबांना असं बोलायला सोपं होतं. त्यांच्या घरी बिरड्याचा डबा येत नव्हता.

चाचणी कशी असते ते दोन शब्दांत सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. इमारतीवर जी भिंत लागणार, तिचाच दोन मजली तुकडा प्रयोगशाळेत एका बंद खोलीच्या तोंडावर उभा करतात. खोलीतली हवा पंख्याने ओढून घेतली की बाहेरून वारा दाबतोय असं काचेला वाटतं. आत हवा भरली की वारा बाहेर ओढतोय असं. आधी पाण्याची चाचणी. बाहेरून नळ्यांच्या जाळीतून ठरलेल्या मापाने पाणी मारत राहायचं, आतली हवा ओढत राहायची आणि माणसं बॅटरी घेऊन थेंब शोधत बसतात. मग पूर्ण वारा. तेव्हा मधल्या उभ्या खांबाला, मलियनला, तीन मोजमापाचे काटे लावलेले असतात: वरच्या टोकाला एक, मध्यावर एक, खालच्या टोकाला एक. खांब किती वाकला, म्हणजे डिफ्लेक्शन किती, ते त्यावरून कळतं. त्यानंतर पुन्हा पाणी, कारण वाऱ्याने हलून गेलेली भिंत पाणी अडवते का, हाच खरा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी दीडपट वारा, काही मोडतंय का बघायला.

चाचणी झाली त्या संध्याकाळी दादांचा फोन आला. मागे वहिनींचा आवाज, पोरांचा गलका.

"बाला, पास रे! सगलं पास! पानी पास, वारा पास, डिफ्लेक्शन पास. त्या लॅबवाल्यानी सोता हात मिलवला माज्याशी."

माझे डोळे भरून आले. मी फोनवर काहीतरी थट्टा केली, आता तुम्ही आम्हाला ओळख देणार नाही वगैरे. ते म्हणाले, "तुजा कागद येऊं दे फकस्त, मंग पेढं आनतो. हे काम हातचं गेलं तर शेड बंद करावी लागंल, ठाव हाय ना तुला? पन आता कशाला जातंय!"

अहवाल आला तो जाड, निळ्या कव्हराचा. मी तो पेणेला घरी आणला, कारण ऑफिसात वाचायची मला लाज वाटत होती. जिंकलेल्या माणसाचं पत्र चारचौघांत कशाला फोडा! आमच्या आळीत गणपतीच्या कारखान्यांत घासकाम चाललं होतं, खिडकी उघडली की पांढरी भुकटी टेबलावर येऊन बसायची. मी खिडकी लावून घेतली, चहा घेतला आणि सवयीने शेवटचं पान उघडलं.

शेवटच्या पानांवर काट्यांची कच्ची रीडिंगं असतात. वारा बाहेर ओढत असताना, पूर्ण दाबाला, अठराशे पास्कलला, मधला काटा अठ्ठावीस मिलिमीटर. खालचा एक. वरचा पंधरा.

मी पुन्हा वाचलं. वरचा पंधरा.

पुढच्या पानावर हिशेब होता आणि तो बरोबर होता. दोन माणसांनी दोन टोकांना खांद्यावर वासा धरलाय आणि मध्ये ओझं आहे असं समजा. मागचा माणूस जागचा हलला तर वाशाचा मध्यही हलतो, पण तो काही वासा वाकला म्हणून नव्हे. म्हणून खरं वाकणं काढायचं तर मधल्या रीडिंगमधून दोन टोकांची सरासरी वजा करतात. पंधरा आणि एक, सरासरी आठ. अठ्ठाविसातून आठ गेले, राहिले वीस. खांबाची लांबी तीन हजार आठशे पन्नास. तिला एकशे पंच्याहत्तरने भागलं की बावीस, ती मर्यादा. वीस आत, बावीस बाहेर. पास.

नियमाला खांब किती वाकला एवढंच विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर मिळालं होतं. माणूस जागचा का हलला, हे त्या ओळीत विचारलेलंच नव्हतं. ज्या टोकाला खांब इमारतीला धरून असतो तेच टोक दीड सेंटिमीटर बाहेर आलं होतं, आणि वजाबाकीने ते गिळून टाकलं होतं.

चेंबरचं, म्हणजे त्या बंद खोलीचं, लोखंड थोडं दबतं, दोन-तीन मिलिमीटर मी सोडून द्यायला तयार होतो. मी मनात अक्षरशः भीक मागत होतो, की बाकीचं लोखंडानेच खाल्लेलं असू दे. लोखंड असतं तर वारा थांबल्यावर काटा शून्याजवळ परत आला असता. मी पुढची ओळ पाहिली. दाब काढल्यावर: वरचा अकरा, मधला सहा, खालचा शून्य. इथेही वजाबाकी केलेली, शिल्लक अर्धा मिलिमीटर, पास. पण वरचं टोक अकरा मिलिमीटर सरकलं होतं ते तिथेच राहिलं होतं. ते लोखंड नव्हतं. खांबाला वर जखडून धरणारा ब्रॅकेट घसरला होता.

मग मी पाण्याचं पान काढलं. पहिली चाचणी स्वच्छ. दुसरी, वाऱ्यानंतरची: ‘वरच्या आडव्या सांध्याशी थेंब दिसले. सांध्याला सीलंट लावून चाचणी पुन्हा घेतली. पास.’ प्रयोगशाळेने काहीच लपवलं नव्हतं. जे दिसलं ते लिहिलं, जे मोजलं ते छापलं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. चिडायचं कुणावर हेच मला कळेना, म्हणून मी बायकोवर चिडलो. चहा पाणचट झालाय म्हणालो. चहा चांगला होता.

प्रत्येक वादळात तो ब्रॅकेट थोडा थोडा सरकणार. सरकला की रबरी पट्टीचा सांधा उघडणार, पाणी आत येणार. नि सरकत सरकत काच खोबणीच्या काठावर यायला किती वादळं लागतील हे कुणीही सांगू शकत नाही. त्या काचेच्या आत खाटा असणार होत्या. त्या खाटांवर रोह्याची, जिते गावची, खाडीकडची, आमचीच माणसं असणार होती.

फोनवर हे सांगण्याची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो.

शेडच्या दारात दादांनी शिकवणीसाठी भिंतीचा एक छोटा सांगाडा उभा केला होता. चाचणीचा नमुना ज्या पोरांनी जोडला त्यांनी आधी ह्याच्यावर हात बसवला होता. मला बघताच दादा हसत पुढे आले.

"आरं, तूं सोता आलास? कागद हातात द्यायला आलास का काय?"

मी म्हणालो, "दादा, हा वरचा ब्रॅकेट खोलून दाखवा मला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पाना घेतला आणि स्वतःच खोलायला लागले.

ह्या ब्रॅकेटला लांबट भोक असतं. इमारतीचं काँक्रीट कधी सरळ नसतं, म्हणून खांब आत-बाहेर सरकवून ओळीत आणायला ते भोक. एकदा ओळीत आणला की तो तिथे रुतून बसला पाहिजे, म्हणून ब्रॅकेटच्या अंगावर बारीक दाते कोरलेले असतात आणि वरून तसेच दाते असलेला चौकोनी वॉशर बसवतात. दात्यात दाते अडकले की वाऱ्याच्या बापालाही तो सरकवता येत नाही.

दादांनी नट काढला. वॉशर उचलला नाही, नुसते बघत राहिले. वॉशरचे दाते वर होते, नटाच्या बाजूला. खालची गुळगुळीत बाजू ब्रॅकेटच्या दात्यांवर नुसती टेकली होती. सगळा खांब नटाच्या आवळण्यावर लटकत होता.

"दात वर," दादा म्हणाले.

"हो."

"दात नटाला लागले पायजेत. म्हंजे नट ढिला होत नाय." ते अगदी सावकाश बोलत होते. "मीच सांगितलं पोरांना."

मला तर त्यांनी हेच शिकवलं होतं, पेणेतल्या पहिल्याच खिडकीवर. खिडकीला दातेरी वॉशर लागतो तो नट धरून ठेवायला, आणि तिथे ते बरोबरच होतं. आयुष्यभर त्यांनी एकही नट ढिला होऊ दिला नाही. माल पुरवणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये वॉशर म्हणजे दोन बारीक रेघा, त्यात दात कुठल्या अंगाला ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या हाताला जे ठाऊक होतं ते केलं, आणि नीट, सगळीकडे सारखं, एकही न चुकता केलं. कामचुकार माणूस असता तर दोन-चार तरी चुकून सुलटे बसले असते.

मी त्यांना तिन्ही काटे सांगितले. वजाबाकी सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्ये एकदा वॉशर हातात घेऊन उलटा-सुलटा करून बसवून पाहिला. दाते दात्यांत बसले तेव्हा कट्ट असा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला.

वहिनी चहा घेऊन आल्या. शेडच्या मागच्या खोलीतच त्यांनी तात्पुरता संसार मांडला होता. आमची तोंडं बघून म्हणाल्या, "काय झालं, भावजी?"

"काय नाय गो," दादा म्हणाले. "पास झालंय ते थोडं जास्तच पास झालंय."

त्या कप ठेवून गेल्या. मग दादांनी मला विचारलं, आणि ते विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पन बाला, कागदावर पास हाय ना? वीस हाय, बावीसच्या आत हाय. तूं खोटं काय लिवनार नायस. हाय तेच लिव. वाशर मी सगलं उलटून लावतो इमारतीवर, तुजी शपथ."

हे अजून मला झोपेतून उठवतं, कारण ते खरं होतं. त्यांनी लावले असते. एकेक वॉशर स्वतः शिडीवर चढून उलटा केला असता. त्या माणसाच्या शब्दावर मी माझं घर उभं केलं असतं. पण अहवाल शब्दावर मंजूर करता येत नाही. जी भिंत तपासली तीच लागायला हवी; वॉशर उलटला की ती भिंत वेगळी झाली, आणि वेगळ्या भिंतीची चाचणी झालेली नाही. शिवाय दाते अडकल्यावर खांब जास्त वाकेल की कमी, वरच्या सांध्याचं पाणी थांबेल की नाही, हे मलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. मी त्यांना तसं म्हणालो. म्हणालो, "दादा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. नमुना अजून लॅबमध्ये उभा आहे. वॉशर उलटा, लावलेलं सीलंट काढा, पहिल्यापासून चाचणी करा. ह्या वेळी खरोखर पास होईल. मी तसंच लिहितो, की सुधारणा सोपी आहे आणि पुढच्या अहवालाची आम्ही वाट बघतोय."

त्यांनी वॉशर खिशात टाकला. मग म्हणाले, "लिव मंग. तुला मीच शिकिवलंय मागनं वाचायला."

मी गाडीत बसलो तेव्हा मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. माणूस वाचला असं वाटत होतं. काय मूर्ख होतो!

मी ते पत्र जीव ओतून लिहिलं. दोष काय, कशाने, किती किरकोळ, दुरुस्ती कशी, पुन्हा कोणत्या चाचण्या. भाषा अशी ठेवली की वाचणाऱ्याला काम करणाऱ्याबद्दल आदर वाटावा. पण अशा पत्राच्या वरती एक चौकट असते आणि तिच्यात चारच पर्याय असतात. माझ्या पत्रात बसत होता तो एकच: ‘नामंजूर. सुधारून पुन्हा सादर करा.’

ठेकेदाराच्या मॅनेजरने चौकट वाचली. खालचं वाचलं नाही.

साइटवर बैठक झाली तेव्हा त्याच्यासमोर माझं पत्र होतं, चौकटीखालची घडी अजून न मोडलेलं. तो म्हणाला, "फेल झाला ना तो? मी आधीच म्हणत होतो, खिडकीवाल्याचं काम नाही हे." मी म्हणालो, फेल नाही, पुन्हा चाचणी करायची आहे, लगेच होईल. तो म्हणाला, "लॅबची तारीख मिळेपर्यंत पावसाळा येईल. माझं इस्पितळ उघडं ठेवू?" दादा बैठकीत खुर्चीच्या काठावर बसले होते. त्यांनी खिशातून तो वॉशर काढून टेबलावर ठेवला आणि दाखवायला लागले, "सायेब, हे बगा, हे असं होतं, ते आता असं..." मॅनेजरने वॉशरकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन आला म्हणून उठून गेला.

पेणेत म्हणतात, करायला गेला गणपती आणि झाला मारुती. आमच्या आळीत हे हसत हसत म्हणतात. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

काम दादांच्या हातून गेलं. नवा माणूस बाहेरचा आला, चकचकीत, गाडीतून उतरणारा. त्याने नमुना उभा केला नाही की चाचणी केली नाही. त्याच्याकडे तयार अहवाल होता. मी साइट-ऑफिसच्या टेबलावर तो पडलेला पाहिला आणि उचलून चाळला. समुद्रापासून कितीतरी लांबच्या शहरातल्या दुसऱ्याच कुठल्या इमारतीचा. वाऱ्याचा दाब आमच्या निम्म्याच्या आसपास, खांब आखूड, ब्रॅकेट वेगळ्याच जातीचा. मी मॅनेजरला म्हणालो, हा आमच्याकडे तपासायला पाठवा. तो म्हणाला, "सिस्टिम टेस्टेड आहे. झालेल्या चाचणीची पुन्हा तपासणी कशाला?"

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "आपल्याला जो अहवाल दिला तो आपण तपासला. हा दिलेलाच नाही." मी स्वतःहून एक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. मग साहेबांनी सांगितलं, आता पुरे.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे संन्याशाला सुळावर चढवणारा मी होतो, आणि चोराला मी पाहिलंही नव्हतं. ज्याने आपली भिंत पाण्याखाली आणि वाऱ्यात उभी केली, ज्याच्या प्रत्येक मिलिमीटरची नोंद झाली, त्यालाच मी पकडू शकलो. ज्याने काही मोजूच दिलं नाही, त्याच्यात पकडायला काही नव्हतं. मी जर त्या दिवशी पास लिहिलं असतं तर दादांनी वॉशर उलटून लावले असते आणि त्या इमारतीवर एक धड भिंत असती. हे मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता. आजही तोच अहवाल समोर आला तर मी तेच लिहीन. त्याचाच तर वैताग आहे. चुकलो असतो तर निदान पस्तावा करून मोकळा झालो असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर शेड बंद झाली. मशीन नेलं त्या दिवशी मी रोह्याला गेलो होतो. वहिनी भांडी पोत्यात भरत होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, जेवून जावा, भात हाय." मी जेवलो. दादा माझ्याशी काही वेडंवाकडं बोलले नाहीत, ना त्या दिवशी ना पुढे कधी. भांडले असते तर बरं झालं असतं. उन्हाळ्यात बिरड्याचा डबा पूर्वीसारखाच येत राहिला. मी तो उघडायचो आणि बायकोपुढे सरकवायचो.

दादा पेणेला परत येऊन सरकत्या खिडक्या करायला लागले. इस्पितळ उभं राहिलं, फीत कापली गेली. मी त्या रस्त्याने जाणं टाळत होतो.

दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्यात, एका वादळी दुपारी, दादांचा फोन आला. "रोह्याला ये जरा. शिडी धरायला मानूस नाय." एवढंच म्हणाले.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, खाटा काचेपासून ओढून मधोमध लावल्या होत्या. काचेच्या पायाशी चादरी गुंडाळून ठेवलेल्या. एक आया वाकून त्या बादलीत पिळत होती आणि पुन्हा ठेवत होती. बाहेर खाडीकडून वारा सुटला होता. दर झोताबरोबर वरच्या आडव्या सांध्यातून पाण्याची एक ओळ उतरायची, खांबाच्या कडेने खाली यायची. एक म्हातारी बाई खाटेवर उठून बसली होती, काचेकडे बघत, पदर तोंडाशी धरून.

नवा माणूस फोन उचलत नव्हता म्हणून इस्पितळवाल्यांनी आसपासचा कुणी खिडकीवाला शोधला होता. सापडले ते दादा.

दादांनी उभ्या खांबावर तळहात टेकला आणि झोत येईपर्यंत तसेच थांबले. झोत आला, गेला. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. पुढच्या झोताला माझ्या हाताखाली खांब बाहेर गेला आणि परत येताना पुरता आला नाही.

"वरचा काटा," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"ह्याचा रिपोट तूं वाचलास?"

"माझ्याकडे आलाच नाही, दादा."

"कुनी वाचला?"

"कुणीच नाही."

त्यांनी सीलंटची नळी बंदुकीत भरली, सुरीने तिचं टोक कापलं. आतून सीलंट भरून असं पाणी थांबत नाही, ते नुसतं दुसरी वाट शोधतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"म्हंजे नापास आपला एकट्याचाच," दादा म्हणाले आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "धर नीट. फरशी वली हाय."

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. आयाने पायाखालची चादर उचलली, पिळली आणि पुन्हा ठेवली.